रात्रीच्या गॅपपुढे स्टॉपलॉस: शेअर किती घ्यायचे?

प्रश्न: माझं ट्रेडिंगचं भांडवल १० लाख आहे. दोन-तीन आठवडे धरायचे सौदे करतो, सगळे डिलिव्हरीत. एका सौद्यात १ टक्क्यापेक्षा जास्त गमवायचं नाही असा नियम आहे. मागच्या महिन्यात एक शेअर १,००० ला घेतला, स्टॉप ९७०. म्हणजे १०,००० भागिले ३०, असे ३३३ शेअर घेतले. जीटीटी लावून ठेवली होती, ट्रिगर ९७० आणि लिमिट ९६८. संध्याकाळी कंपनीचा निकाल आला आणि सकाळी भाव ९०५ लाच उघडला. जीटीटी ट्रिगर झाली, पण ऑर्डर तशीच पडून राहिली. शेवटी अकरा वाजता ८९६ ला हाताने विकले. ३४,६०० रुपये गेले, नियमाच्या साडेतीन पट. स्टॉप आणखी जवळ लावायला हवा होता का? की शेअरच कमी घ्यायला हवे होते? आणि कमी म्हणजे नेमके किती, हे कसं ठरवायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: स्टॉप जवळ आणू नका. त्याने हेच नुकसान दुप्पट झालं असतं. तुमच्याच नियमाने ९८५ चा स्टॉप लावला असता तर १०,००० भागिले १५, म्हणजे ६६६ शेअर हातात असते. सकाळी भाव ९०५ लाच उघडला असता आणि ८९६ ला विकताना ६९,००० गेले असते. स्टॉप जितका जवळ तितके शेअर जास्त, आणि रात्रीच्या गॅपला, म्हणजे कालच्या शेवटच्या भावापासून सकाळी उघडताना पडलेल्या उडीला, तुमचा स्टॉप कुठे आहे याच्याशी काहीच देणंघेणं नसतं. बाजार चालू असताना भाव ९७५, ९७२, ९७० असा खाली येतो आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी घेणारा असतो, म्हणून दिवसा स्टॉपच्या अंतरावरून शेअर मोजणं ठीक आहे. दुपारी साडेतीन ते सकाळी सव्वानऊ या वेळेत मधल्या पायऱ्याच नसतात. त्या वेळेसाठी वेगळं माप लागतं, आणि ते त्या शेअरच्या मागच्या काही वर्षांच्या गॅपमधून काढता येतं.

आधी तुमच्या ऑर्डरचं काय झालं ते पाहू, कारण ती चूक लगेच सुधारता येते. जीटीटी एक्सचेंजकडे नसते, ती ब्रोकरच्या सर्व्हरवर पडून असते. ट्रिगरला भाव लागला की तिथून एक साधी लिमिट ऑर्डर एक्सचेंजला जाते. सव्वानऊला पहिला सौदा ९०५ ला झाला, ९०५ हा ९७० च्या खाली, म्हणून जीटीटी जागी झाली आणि "९६८ किंवा त्याहून जास्त भावाला विका" अशी ऑर्डर गेली. बाजार ९०५ ला असताना ९६८ ला कोण घेणार? विक्रीच्या लिमिटचा अर्थ "याहून कमी नको" असा असतो, म्हणून ती ट्रिगरच्या बरीच खाली ठेवली तरी विक्री त्या वेळच्या सगळ्यात चांगल्या खरेदी भावालाच होते. ट्रिगर ९७० आणि लिमिट ९०२ असती तर ९०५ च्या आसपास तुम्ही बाहेर पडला असता. मात्र लिमिट त्या दिवसाच्या प्राइस बँडच्या आत हवी, नाहीतर ट्रिगर होऊनही ऑर्डर नाकारली जाते. वायद्यात असलेल्या शेअरचा बँड आदल्या दिवशीच्या बंद भावापासून सुरुवातीला १० टक्के असतो. बंद भाव १,००० असेल तर खालची हद्द ९००, म्हणून लिमिट ९०२. बंद भाव बदलेल तशी ही लिमिट बदलावी लागते. दोन-तीन आठवड्यांच्या सौद्यात तिच्यावर रोज संध्याकाळी एक नजर टाका.

एवढं करूनही ९५ रुपये जाणार होतेच. ऑर्डर नीट लावल्याने वाचतात ते फक्त ९०५ ते ८९६ मधले नऊ रुपये. बाकीचं काम शेअरच्या संख्येचं आहे.

आता माप काढू. शेअरच्या रोजच्या भावांची माहिती एनएसईच्या भावकॉपीत मिळते. जुलै २०२४ पासूनच्या नव्या मांडणीत `OpnPric`, `LastPric` आणि `ClsPric` असे रकाने आहेत, जुन्या फायलींत तेच `OPEN`, `LAST` आणि `CLOSE` नावाने येतात. मालिका `EQ` चीच घ्या. सुरुवात जानेवारी २०२० पासून करा, म्हणजे मार्च २०२० त्यात येईल. तो महिना वगळून काढलेलं माप फार गोड निघतं. एक्सेलमध्ये अ रकान्यात तारीख, मग उघडा भाव, मग शेवटचा भाव आणि मग बंद भाव अशी मांडणी करा. पाचव्या रकान्यात गॅप:

```
E3:  =B3/C2-1
```

इथे कालचा `ClsPric` न घेता कालचा `LastPric` घेतला आहे, आणि ते मुद्दाम. एनएसईने अनेक वर्षं बंद भाव म्हणून शेवटच्या अर्ध्या तासाच्या सौद्यांची भारित सरासरी वापरली आहे, शेवटचा सौदा नव्हे. समजा त्या अर्ध्या तासात भाव १,०१० वरून ९९० ला आला आणि बंद भाव १,००१ लागला. सकाळी शेअर ९८५ ला उघडला. बंद भावाशी तुलना केली तर गॅप १.६ टक्के दिसतो, शेवटच्या भावाशी केली तर ०.५ टक्के. मधला टक्का बाजार चालू असतानाच गेलेला आहे आणि तेव्हा तुमचा स्टॉप काम करू शकत होता. आपल्याला मोजायचंय ते फक्त बाजार बंद असताना झालेलं.

मग तारीख आणि गॅप हे दोन रकाने वेगळ्या शीटवर सूत्रांशिवाय नुसते आकडे म्हणून चिकटवा, तिथे गॅप चढत्या क्रमाने लावा आणि वरचे पंधरा-वीस आकडे एकेक करून पाहा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय पुढचं सगळं चुकतं. वजा ५० टक्क्यांच्या आसपास काही दिसलं तर तो एकास एक बोनस असेल. वजा ८० म्हणजे बहुधा १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा झालेला स्प्लिट, वजा ९० म्हणजे १० चा १. हे नुकसान नाही, मूळ शीटवर त्याच्या आदल्या ओळीतला शेवटचा भाव त्याच प्रमाणात भागून घ्या. लाभांशाच्या एक्स-तारखेला उघडा भाव लाभांशाइतका खाली दिसतो, तिथे लाभांश उघड्या भावात परत मिळवा. उरलेल्या प्रत्येक तारखेसमोर कारण लिहा: "निकाल", "सगळा बाजार" किंवा "कंपनीची बातमी". हे तीन शब्द पुढे लागणार आहेत.

आता समजा तुमच्याकडे १,५०० रात्री जमल्या. खालची दोन सूत्रं पुरेत:

```
G1:  =PERCENTILE.INC(E3:E1502,0.01)
G2:  =AVERAGEIF(E3:E1502,"<="&G1)
```

पहिलं सूत्र सगळ्यात वाईट १ टक्का रात्री कुठून सुरू होतात ते सांगतं, दुसरं त्या पंधरा रात्रींची सरासरी देतं. शेअर मोजताना दुसरा आकडा वापरा. पहिला आकडा म्हणजे त्या पंधरांतली सगळ्यात सौम्य रात्र, आणि आपल्याला तर उलट टोकाची काळजी आहे. प्रमाण विचलन काढून त्याला तीनने गुणण्याचा मार्ग बरेच जण सुचवतात. गॅपसाठी तो टाळा. बहुतेक रात्री अर्ध्या टक्क्याच्या आत असतात, त्यामुळे विचलन लहान येतं, आणि मोजक्या रात्री त्या विचलनाच्या आठ-दहा पट असतात. घंटेच्या आकाराच्या वक्रात अशा रात्री जवळजवळ येतच नाहीत, या बाजारात त्या येतात.

याच रकान्यातून आणखी एक गोष्ट मोजून ठेवा. तुमचा स्टॉप ३ टक्क्यांवर असतो, तर ३ टक्क्यांहून मोठे खालचे गॅप किती रात्री पडले?

```
=COUNTIF(E3:E1502,"<-0.03")
```

समजा २४ आले. १,५०० मधल्या २४, म्हणजे एका रात्री १.६ टक्के शक्यता. ऐकायला नगण्य वाटते. पण सौदा दहा रात्री धरला तर दहाही रात्री सुखरूप जाण्याची शक्यता ०.९८४ चा दहावा घात, म्हणजे ८५ टक्के. उरलेल्या १५ टक्क्यांत एकदा तरी गॅप स्टॉपच्या खाली जाणार, साधारण सात सौद्यांतल्या एकात. भाव वर गेला आणि स्टॉपपासूनचं अंतर वाढलं की शक्यता कमी होते, ते खरं. तरी वर्षाला तीस-चाळीस सौदे करणाऱ्याला हा प्रसंग नियमित येणारा आहे. त्याला अपवाद समजून मांडणीबाहेर ठेवता येत नाही.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तुमचं नुकसान तिथे झालं. सगळ्या रात्री एकाच टोपलीत घालू नका. सहा वर्षांत २४ तिमाही निकाल येतात, म्हणजे १,५०० मध्ये २४ रात्री, दोन टक्क्यांहूनही कमी. पण सगळ्यात वाईट पंधरा रात्रींसमोर तुम्ही लिहिलेली कारणं वाचलीत तर "निकाल" हा शब्द त्याच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसेल. इन्फोसिसचा निकाल १३ एप्रिल २०२३ ला बाजार बंद झाल्यावर आला. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. बाजार उघडला तो थेट सोमवारी १७ तारखेला, आणि शेअर दिवसअखेर ९ टक्क्यांहून जास्त पडलेला होता. एचडीएफसी बँकेसारख्या भल्याथोरल्या बँकेचा निकाल १६ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी आला, सकाळी शेअर ५ टक्क्यांहून जास्त खाली उघडला आणि ८ टक्क्यांहून जास्त खाली बंद झाला. एरवी हे शेअर दिवसाला एक-दीड टक्का हलतात. साध्या रात्रींच्या मापाने निकालाची रात्र मोजली की काय होतं, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

निकालाची रात्र ओळखताना वेळ पाहा, नुसती तारीख नको. एक्सचेंजवरच्या कंपनीच्या घोषणेवर तासा-मिनिटांसकट वेळ असते. घोषणा साडेतीननंतर असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा गॅप निकालाचा. दुपारी एक वाजता निकाल लागला असेल तर धक्का दिवसाच बसलेला असतो आणि ती रात्र साध्या टोपलीत राहू दे. शनिवारच्या निकालाचा गॅप सोमवारी दिसतो.

एका शेअरच्या २४ निकाल-रात्रींवरून टोकाचा अंदाज बांधणं मात्र धाडसाचं आहे. त्या २४ मध्ये एकही खरोखर वाईट निकाल नसेल तर शेअर साधुसंतासारखा दिसेल. म्हणून त्याच क्षेत्रातले आठेक शेअर घ्या आणि त्यांच्या निकाल-रात्री एकत्र करा. शेअर कमी-जास्त चंचल असतात, म्हणून प्रत्येक गॅपला त्या शेअरच्या आदल्या १४ दिवसांच्या सरासरी रेंजने, म्हणजे भावाच्या टक्क्यांत काढलेल्या एटीआरने भागा. आता आकडा टक्के नसून "किती पट" असा येतो: एखादा गॅप एटीआरच्या दीड पट, एखादा चार पट. आठ शेअरच्या १९२ रात्री झाल्या की सगळ्यात वाईट ५ टक्के, म्हणजे साधारण दहा रात्रींची सरासरी काढा. इथे १ टक्का घेतला तर दोनच रात्री उरतील आणि दोनवर भिस्त ठेवणं बरं नाही. समजा सरासरी ५.५ पट आली आणि तुमच्या शेअरचा आजचा एटीआर २ टक्के आहे. निकालाच्या रात्रीचं माप झालं ११ टक्के. साध्या टोपलीतून निकाल-रात्री काढून घेतल्यावर तिथल्या वाईट १ टक्का रात्रींची सरासरी समजा ३.६ टक्के निघाली.

आता तुमचाच सौदा या मापांवर घालून पाहू. दिवसाचं गणित तुमचं तसंच राहू दे: १०,००० भागिले ३०, ३३३ शेअर. रात्रीसाठी वेगळी नुकसानाची मर्यादा ठरवा. ती १ टक्का ठेवली तर शेअर इतके कमी येतील की सौदा करण्यात अर्थ उरणार नाही, आणि ३-४ टक्के ठेवली तर दोन वाईट रात्री वर्ष खातील. २ टक्के, म्हणजे २०,००० रुपये ही मधली जागा आहे. साध्या रात्रीचं शेअरमागे नुकसान ३६ रुपये. २०,००० भागिले ३६ म्हणजे ५५५. हा आकडा ३३३ पेक्षा मोठा आहे, म्हणजे साध्या रात्री दिवसाचीच मर्यादा आधी लागते. ९८५ चा जवळचा स्टॉप लावून ६६६ शेअर घेतले असते तर मात्र इथेच ५५५ वर थांबावं लागलं असतं. निकालाच्या रात्री शेअरमागे ११० रुपये, २०,००० भागिले ११० म्हणजे १८१. तुमच्याकडे ३३३ होते. निकालाच्या दुपारी १५२ शेअर विकून मगच ती रात्र काढायला हवी होती. तसं केलं असतं तर ९०५ ला उघडल्यावर आणि लिमिट नीट लावलेली असती तर साधारण १७,००० गेले असते. वाईटच, पण ठरवलेल्या आत.

अंतर नेहमी त्या दिवशीच्या शेवटच्या भावावरून मोजा, खरेदीच्या भावावरून नाही. सौदा नफ्यात असून शेअर १,१०० ला असेल तर निकालाच्या रात्रीचं ११ टक्के म्हणजे १२१ रुपये आणि शेअर १६५. "नफाच तर जाईल" म्हणून जास्त शेअर ठेवण्याची सवय सर्रास दिसते. तो नफा भांडवलात आलेलाच असतो, तो जाणं हे नुकसानच.

इथवरच्या गणितात एक मोठं भोक आहे. निकालाची तारीख आधी कळते, कंपनीला संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना एक्सचेंजला आगाऊ द्यावी लागते. काही रात्रींची सूचना कोणीच देत नाही. इंडसइंड बँकेने १० मार्च २०२५ च्या संध्याकाळी डेरिव्हेटिव्हच्या हिशोबातली तफावत जाहीर केली. आदला बंद भाव ९०० च्या आसपास. सकाळी शेअर ८१० च्या आसपास उघडला, म्हणजे १० टक्के खाली. तुमच्या पाचव्या रकान्यात त्या दिवसासमोर वजा १० टक्के एवढंच दिसेल. शेअर बंद मात्र ६५६ ला झाला, २७ टक्के खाली. उघडताना १० टक्क्यांचा बँड आड आला, म्हणून गॅप तिथे अडकला. पुढे बँड टप्प्याटप्प्याने खाली सरकत गेला आणि तसा भाव पडत गेला. नुसत्या उघड्या भावावरून काढलेलं माप अशा दिवशी निम्म्याहूनही कमी धोका दाखवतं. म्हणून उघडा भाव बँडच्या हद्दीला किंवा तिच्या अगदी जवळ असेल त्या दिवसांसाठी गॅप मोजताना उघडा भाव सोडा आणि त्या दिवसाचा `ClsPric` घ्या. यादी तपासताना वजा १०, वजा ५ किंवा वजा २० च्या आसपासचे आकडे दिसले की हा प्रकार समजायचा.

५ टक्के बँडच्या छोट्या शेअरांत तर हे आणखी फसवं असतं. तिथे गॅप ५ टक्क्यांहून मोठा असूच शकत नाही, त्यामुळे शेअर कागदावर मोठ्या कंपन्यांपेक्षाही सुरक्षित दिसतो. प्रत्यक्षात लोअर सर्किट लागल्यावर घेणारा नसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा शेअरसाठी लागोपाठचे सर्किटचे दिवस जोडून, पहिल्यांदा भरपूर सौदे झाले त्या दिवसापर्यंतची सगळी घसरण एकच गॅप धरा. चार सर्किट म्हणजे ०.९५ चा चौथा घात, १८.५ टक्के.

बिनसूचनेच्या रात्रीसाठी इतिहासातून नेमका टक्का काढता येत नाही, एका शेअरच्या सहा वर्षांत ती बहुतेक वेळा नसतेच. तिथे सरळ हद्द घाला: हा शेअर रातोरात २७ टक्के पडला तर भांडवलाच्या ६ टक्क्यांहून जास्त जाता कामा नये. ६०,००० भागिले २७० म्हणजे २२२ शेअर. ही हद्द रोज लागू, निकाल असो वा नसो. म्हणजे खरं पाहता तुमच्या सौद्यात पहिल्या दिवसापासून ३३३ ऐवजी २२२ शेअर हवे होते, आणि निकालाच्या दुपारी त्यातले ४१ विकून १८१ उरवायचे होते. स्टॉपला लागून बाहेर पडलात तर १० हजारांऐवजी ६,६६० जातील. बरेच जण इथे कुरकुरतात की १ टक्क्याची पूर्ण रिस्क वापरली जात नाही. १ टक्का ही वरची मर्यादा आहे, ती भरलीच पाहिजे असं नाही. ६ टक्के हा माझा आकडा आहे. तुमचा ५ किंवा ७ असू शकतो. पण सौदा घेण्याआधी तो लिहून ठेवलेला हवा.

एकाच शेअरवर न थांबता हातातल्या सगळ्या सौद्यांची वही एकदम पाहा, कारण सगळे शेअर एकाच सकाळी खाली उघडतात. ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी २२,९०४ वरून २१,७५८ ला उघडला, ५ टक्के खाली. २३ मार्च २०२० ला ८,७४५ वरून ७,९४५, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त. प्रत्येकी २ लाख २२ हजारांचे चार सौदे असतील तर ८ लाख ८८ हजार बाजारात आहेत. शेअर निफ्टीइतकेच पडले तरी ७ एप्रिलसारख्या सकाळी ४४,४०० जातात, २३ मार्चसारख्या सकाळी ८० हजारांवर. चारही स्टॉपचं ठरलेलं नुकसान मिळून मात्र २६,६४० दिसत होतं. यासाठी वेगळी शीट करा. डावीकडे तारखा, वर आज हातात असलेले शेअर, प्रत्येक खान्यात त्या तारखेचा त्या शेअरचा गॅप गुणिले आजची किंमत, आणि शेवटी ओळीची बेरीज. बेरजेचा रकाना चढत्या क्रमाने लावला की तुमची आजची वही मागच्या सगळ्या सकाळी कशी उघडली असती ते रुपयांत दिसतं. ७ एप्रिलसारख्या सकाळी भांडवलाच्या ४ टक्क्यांहून जास्त जाऊ नये असं ठरवलंत तर वरच्या उदाहरणात तीन सौद्यांवर थांबावं लागेल: ६ लाख ६६ हजारांवर ३३,३०० जातात, चौथा घेतला की मर्यादा ओलांडली.

त्या ७ एप्रिलला निफ्टी दिवसअखेर २२,१६१ पर्यंत सावरला होता. उघडल्या उघडल्या विकणाऱ्यांना वाईट भाव मिळाला, थांबलेल्यांना बरा. यावरून "गॅपनंतर थांबावं" असा नियम काढू नका. इंडसइंडला थांबणाऱ्यांचे उघड्या भावापासून आणखी १९ टक्के गेले. कधी थांबायचं हा विक्रीचा प्रश्न आहे, तो सकाळी सोडवा. शेअर किती घ्यायचे हे आदल्या दिवशी ठरवताना परत सावरेल असं धरायचं नाही.

निकालाआधी शेअर विकायचे नसतील तर पुट घेता येतो, फक्त वायद्यात असलेल्या शेअरवर. दोन अडचणी आहेत. लॉट ठरलेला असतो, तुमचे २२२ शेअर त्यात बसतीलच असं नाही. आणि निकालाच्या आधी पुटचा भाव फुगलेला असतो, शेअर पडला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली हवा निघून जाते. ४१ शेअर विकून पुन्हा घेण्याचा खर्च आणि पुटचा प्रीमियम दोन्ही रुपयांत मांडून तुलना करा. इतक्या छोट्या फरकासाठी विकणं बहुधा स्वस्त पडतं.

शेवटी तुमच्या जुन्या सौद्यांची किंवा बॅकटेस्टची शीट उघडा आणि स्टॉपला बाहेर पडल्याचा भाव कुठून आलाय ते तपासा. सगळीकडे नेमका स्टॉपचाच भाव असेल तर नफ्याचे आकडे फुगलेले आहेत. तो रकाना असा बदला:

```
=MIN(stop, OpnPric)
```

उघडा भाव बँडला चिकटलेल्या दिवशी इथेही `OpnPric` च्या जागी `ClsPric` घाला. त्यानंतर सरासरी तोटा ३ टक्क्यांवरून किती झाला ते पाहा. तो ३.३ च्या आसपास राहिला तर तुमची पद्धत गॅप सोसू शकते. ४ च्या वर गेला तर तुम्ही निवडता ते शेअर रात्री धरण्याजोगे नाहीत, किंवा तुम्ही ते निकालाच्या तोंडावर घेताय. प्रत्येक मोठ्या तोट्याच्या ओळीसमोर निकालाची तारीख लिहिलीत की या दोन्हींपैकी काय खरं आहे ते लगेच कळेल.